5 दिलंय, परत 5 देऊ का?

"ताप 102 पॅरासिटामॉल 5 दिलं उतरत नाही परत 5 देऊ का 8 चं आहे"

बालरोगतज्ज्ञाच्या फोनवर रात्री साडेअकराला असा निरोप येणं मुळीच नवलाचं नाही. लिहिणाऱ्या आईला त्यात काही अपुरं वाटत नाही. मूल तिच्या मांडीवर असतं, बाटली समोर असते आणि औषध तिनेच पाजलेलं असतं. वाचणाऱ्याला मात्र फक्त तीन आकडे दिसतात. त्यातला 102 हा थर्मामीटरचा, हे कळतं. पण 8 म्हणजे महिने, वर्षं की किलो? 5 म्हणजे एमएल की थेंब? आणि ते पाच दिले कधी, याचा तर पत्ताच नाही.

अनुभवी माणूस इथे मनातल्या मनात रिकाम्या जागा भरतो: बाळ आठ महिन्यांचं असणार, औषध साधं सिरप असणार, पाच म्हणजे पाच एमएल. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबरही निघतो, आणि म्हणूनच तो करण्याची सवय लागते. प्रश्न आहे तो चुकला तर किती चुकतो याचा, आणि पॅरासिटामॉलच्या बाबतीत तो फारच चुकू शकतो.

मुलांचा डोस वजनावर ठरतो. एका वेळी दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार तास, शक्यतो सहा, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आठ महिन्यांच्या बाळाचं वजन साधारण 8 किलो धरलं, तर त्याला एका वेळी 80 ते 120 मिलिग्रॅम हवं. इथपर्यंत गणित सोपं आहे. गोची आहे ती बाटलीत. आपल्याकडे औषधाच्या दुकानात हेच औषध मुलांसाठी तीन ताकदींत मिळतं. साध्या सिरपच्या 5 एमएलमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम असतं. दुप्पट ताकदीच्या सिरपच्या तेवढ्याच 5 एमएलमध्ये 240 किंवा 250. आणि तान्ह्यांसाठीच्या ड्रॉप्सच्या फक्त एका एमएलमध्ये 100 मिलिग्रॅम. सगळ्यात लहान मुलांच्या बाटलीत सगळ्यात तीव्र औषध, हे ऐकायला उलटं वाटतं, पण कारण साधं आहे: तान्हं बाळ जास्त औषध तोंडात ठेवत नाही, थुंकून टाकतं, म्हणून कमी थेंबांत काम भागवायचं.

आता तोच '5' या बाटल्यांमधून काढून पाहू. बाळ 8 किलोचं आहे. साधं सिरप 5 एमएल दिलं असेल तर 120 मिलिग्रॅम गेलं, म्हणजे डोस अगदी योग्य. दुप्पट ताकदीचं असेल तर 250, म्हणजे किलोमागे 31, हव्या त्याच्या दुपटीहून जास्त. ड्रॉप्सची बाटली असेल आणि औषध सिरपच्या टोपणाने मोजलं असेल, तर 500 मिलिग्रॅम गेलं. किलोमागे 62. दिवसभराची साधारण मर्यादा किलोमागे 60 धरतात, ती एका घोटात ओलांडली. त्याच बाटलीतले पाच थेंब दिले असतील तर मात्र जेमतेम 25 मिलिग्रॅम, म्हणजे ताप न उतरण्याचं कारण तेच. 25 ते 500, वीस पटींचा फरक, आणि निरोपातले शब्द मात्र सगळीकडे तेच.

आणि 8 म्हणजे वर्षं असतील तर? आठ वर्षांची मुलगी, वजन 24 किलोच्या आसपास. तिला साधं सिरप 5 एमएल दिलं तर किलोमागे फक्त 5 मिलिग्रॅम पडतं. तिचा ताप उतरणार कसा? एका घरात 'परत देऊ नका' हे उत्तर बाळाला वाचवतं, दुसऱ्या घरात तेच उत्तर मुलीला विनाकारण तापात ठेवतं.

अमेरिकेत हाच घोळ इतका झाला, की 2011 मध्ये उत्पादकांनी तान्ह्यांचे तीव्र ड्रॉप्स बंद करत आणून लहान मुलांच्या सगळ्याच द्रव पॅरासिटामॉलची ताकद 5 एमएलला 160 मिलिग्रॅम अशी एकसारखी केली. आपल्याकडे तसं नाही, त्यामुळे बाटली विचारणं भागच आहे.

विचारण्यातही एक मेख आहे. "पाच एमएलच दिलं ना?" असं विचारलं तर घाबरलेली आई "हो" म्हणते. त्या 'हो'ला काही किंमत नाही, कारण उत्तर प्रश्नातच होतं. त्यापेक्षा "बाटलीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा" किंवा "बाटली आणि ज्याने मोजलं ते टोपण, ड्रॉपर, चमचा शेजारी ठेवून फोटो पाठवा" असं सांगितलं की पुढचं बरंच आपोआप कळतं. ड्रॉप्सच्या छोट्या बाटलीशेजारी सिरपचं टोपण दिसलं, की आणखी विचारायची गरजच उरत नाही. मग वजन, शेवटचा डोस किती वाजता, आणि सर्दीचं किंवा तापाचं दुसरं काही चालू आहे का. हा शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. सर्दीच्या कित्येक सिरपमध्ये पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं आणि घरचे ते 'सर्दीचं औषध' म्हणूनच मोजतात.

वेळेच्या उत्तरातून कधी कधी प्रश्नच विरघळतो. औषध वीस मिनिटांपूर्वी दिलेलं निघतं. पॅरासिटामॉलचा परिणाम सुरू व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि पूर्ण परिणाम दोन-तीन तासांनी दिसतो. तोही ताप साफ जाण्याचा नव्हे, दोन-तीन अंश फॅरनहाइट खाली येण्याचा. 102 चा 100 झाला तर औषधाने आपलं काम केलं.

एवढी विचारपूस करायला पाचेक मिनिटं जातात, आणि एरवी खेळतंय-पितंय अशा मुलाचं 102 तापात तेवढ्या वेळाने काही बिघडत नाही. मूल जागं होत नसेल, दूध-पाणी घेत नसेल, धाप लागली असेल, झटका आला असेल किंवा बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर मात्र डोसाची चर्चा तिथेच थांबवून त्याला दवाखान्यात न्यायला सांगायचं.

जास्त डोसाची भीती यकृतासाठी असते. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एका विषारी पदार्थात बदलतो. ग्लुटाथायोन नावाचं रसायन त्याला लगेच निकामी करतं. डोस फार झाला की हा साठा संपतो आणि विष यकृताच्या पेशींवर घसरतं. तापात दोन दिवस नीट न खाल्लेल्या मुलात हा साठा आधीच कमी असतो, त्यामुळे थोडे थोडे जास्त डोस वारंवार दिले तरी धोका वाढतो. फसवी गोष्ट अशी, की पहिले चोवीस तास मूल बरं दिसू शकतं. फार तर मळमळ, एखादी उलटी, आणि तीही तापाच्या खात्यावर जाते. "बाळ खेळतंय" हे इथे आश्वासन धरता येत नाही.

एका वेळी किलोमागे 150 मिलिग्रॅमच्या वर गेल्याची शंका असेल, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठतात. उतारा आहे, ॲसिटिलसिस्टिन, आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत बहुधा शाबूत राहतं. तो द्यायचा की नाही हे रक्तातल्या पॅरासिटामॉलच्या पातळीवरून ठरवतात. रक्त डोसानंतर चार तासांनी किंवा त्यापुढे घेतात आणि ती पातळी एका आलेखाशी ताडून पाहतात. पण हा आलेख एकाच वेळी घेतलेल्या आणि वेळ माहीत असलेल्या डोसासाठीच चालतो. डोस तीनदा दिला असेल, किंवा कधी दिला हेच आठवत नसेल, तर डॉक्टरांना आलेख बाजूला ठेवून यकृताच्या तपासण्या आणि एकूण डोस यांवरच निर्णय घ्यावा लागतो.