वीसपैकी पंधरा ट्रेड बरोबर, तरी खातं खाली

विन रेट सांगतो की शंभर ट्रेडपैकी किती नफ्यात बंद झाले. रिस्क रिवॉर्ड सांगतो की एका ट्रेडमध्ये किती घालवायची तयारी ठेवून किती कमवायचं ठरवलंय. पहिला आकडा फुशारकीला बरा पडतो, म्हणून गप्पांत तोच येतो.

समजा, इंट्राडेत ५०० रुपयांच्या शेअरचे २०० नग घेतले. स्टॉपलॉस ४९५, टार्गेट ५१०. म्हणजे हजार रुपये पणाला लावून दोन हजारांची अपेक्षा, एकास दोन. कागदावर झकास. पण भाव ५०४ ला गेला की हात शिवशिवतात, ‘हातचे सोडायचे नाहीत’ म्हणून ८०० रुपये बुक होतात. उलट भाव ४९५ ला आला की ‘येईल परत’ म्हणत स्टॉपलॉस काढला जातो, आणि दुपारी तीननंतर ४८५ ला, ३,००० रुपयांचा तोटा घेऊन बाहेर पडावं लागतं.

अशा वीस ट्रेडचा हिशेब मांडू. पंधरा जिंकले, १२,००० आले. पाच हरले, १५,००० गेले. विन रेट ७५ टक्के, हातात उणे ३,०००. ब्रोकरेज, एसटीटी वगैरे धरून प्रत्येक ट्रेडला साधारण ८० रुपये लागले, तर आणखी १,६०० वजा.

आता खरी गंमत. ८०० कमवायला ३,००० घालवणाऱ्याला खर्च सोडूनही नुसतं बरोबरीत राहायला किती विन रेट हवा? रिस्क भागिले रिस्क आणि रिवॉर्डची बेरीज, म्हणजे ३,००० भागिले ३,८००, सुमारे ७९ टक्के. त्याचे ७५ कमीच पडतात. शिवाय भाव निव्वळ नाणं उडवल्यासारखा वरखाली होत असता, तरी चार रुपये वरचं टार्गेट पंधरा रुपये खालच्या स्टॉपलॉसच्या आधी लागण्याची शक्यता ढोबळमानाने ७९ टक्केच येते. म्हणजे तो मोठा विन रेट अभ्यासातून आलेला नव्हता, टार्गेट जवळ आणि स्टॉपलॉस लांब असल्याने आपोआप मिळालेला होता.

दुसरा ट्रेडर मूळ एकास दोन पाळतो. वीसपैकी आठच जिंकतो: १६,००० आले, १२,००० गेले, खर्च वजा जाता २,४०० उरतात. मात्र बारा वेळा चुकणं सोसायला मन लागतं, आणि ओळीने पाच-सहा हरले की बहुतेक जण पद्धतच बदलून टाकतात. शिवाय आठऐवजी सहाच जिंकले, तर त्याचाही हिशेब उणेत जातो. नुसतं ‘एकास दोन’ म्हणूनही भागत नाही.

तुमची गोष्ट कोणती, हे ब्रोकरच्या प्रॉफिट-लॉस रिपोर्टमध्ये दिसतं. नफ्याच्या ट्रेडची सरासरी वेगळी काढा, तोट्याची वेगळी. ट्रेड घेताना ठरवलेलं गुणोत्तर तिथे सापडणार नाही; प्रत्यक्षात पाळलेलं तेवढंच सापडेल.