ग्रेपफ्रूटचा ज्यूस आणि स्टॅटिन व बीपीच्या गोळ्या

ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचंच भावंड. पपनस आणि गोड संत्रं यांच्या संकरातून ते अठराव्या शतकात कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर तयार झालं असं मानतात. नावात ग्रेप असलं तरी द्राक्षाशी त्याचं काही नातं नाही, फळं झाडावर घोसाने लागतात म्हणून हे नाव पडलं म्हणे. अमेरिका-कॅनडात सकाळच्या नाश्त्याला अर्धं ग्रेपफ्रूट किंवा त्याचा ग्लासभर ज्यूस घेणं अगदी नेहमीचं आहे, आणि हाच ग्लास स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलच्या व ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांसोबत पोटात गेला तर रक्तात औषध दुप्पट, तिप्पट, कधीकधी त्याहून कितीतरी जास्त होतं. गोळी तीच, मिलिग्रॅम तेवढेच, आणि शरीराला मात्र तीन-चार गोळ्या घेतल्यासारखं वाटतं.

हे कळलं ते अपघाताने. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात लंडन नावाचं शहर आहे, तिथे डेव्हिड बेली नावाचे संशोधक फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर दारूचा काही परिणाम होतो का हे बघत होते. लोकांना आपण दारू पितोय की नुसता ज्यूस हे कळू नये म्हणून दारूची चव झाकेल असा ज्यूस हवा होता, आणि त्या कामाला ग्रेपफ्रूटचा ज्यूस सगळ्यात बरा निघाला. दारूचा प्रश्न राहिला बाजूला, पण रक्तातलं फेलोडिपिन आधीच्या अभ्यासांपेक्षा कितीतरी जास्त येत होतं, दारू असलेल्या गटातही आणि नसलेल्या गटातही. मग बेलींनी स्वतःवरच करून बघितलं, एकदा गोळी पाण्याबरोबर आणि एकदा ज्यूसबरोबर, तर ज्यूसच्या वेळी रक्तातलं प्रमाण जवळजवळ पाचपट निघालं. हे १९८९ मध्ये छापून आलं पण फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पुढचा अभ्यास आला तेव्हा मात्र डॉक्टर मंडळी जागी झाली: बीपी थोडं वाढलेल्या सहा पुरुषांत ज्यूसबरोबर फेलोडिपिन सरासरी २८४ टक्के मिळालं, म्हणजे पाण्याबरोबर १०० धरलं तर ज्यूसबरोबर २८४. संत्र्याच्या ज्यूसने काहीच फरक पडला नाही.

आता हे होतं कसं ते बघू, कारण एकदा हे समजलं की कुठली गोळी धोक्याची आणि कुठली नाही हे बरंचसं आपोआपच कळतं.

आपण गोळी गिळली की ती आतड्याच्या आतल्या अस्तरातून रक्तात जाते, पण त्या अस्तराच्या पेशींत सीवायपी-३ए४ नावाचं एक एन्झाइम बसलेलं असतं. त्याचं काम म्हणजे बाहेरून आलेली रसायनं मोडून टाकणं, जकात नाक्यावर बसलेल्या माणसासारखं, येणाऱ्या प्रत्येक गाडीतला बराचसा माल तिथेच काढून घेतो. पुढे यकृतात हेच एन्झाइम परत असतं, तिथे दुसरी कपात. फेलोडिपिनची १० मिलिग्रॅमची गोळी घ्या. ती शरीरात शोषली जाते पूर्ण, पण आतडं आणि यकृत मिळून इतकं मोडतात की रक्ताभिसरणात पोचतं फक्त साधारण १५ टक्के, म्हणजे दीड मिलिग्रॅम. कंपनीने १० मिलिग्रॅम ठरवले आहेत ते ही सगळी कपात हिशोबात धरूनच.

ग्रेपफ्रूटमध्ये फ्युरॅनोकौमारिन जातीची रसायनं असतात, त्यातलं बर्गामॉटिन आणि त्याचंच एक भावंड ही मुख्य. आतड्यातलं एन्झाइम ही रसायनं मोडायला जातं आणि मोडता मोडता त्यांच्याशी असं चिकटून बसतं की कायमचं निकामी होतं. तात्पुरतं अडलंय आणि थोड्या वेळाने सुटेल असं नाही, ते एन्झाइम संपलंच, पेशीला नवीन बनवावं लागतं. १९९७ मध्ये निरोगी माणसांना काही दिवस ज्यूस देऊन आतड्याचे बारीक तुकडे तपासले तेव्हा हे एन्झाइम ६२ टक्क्यांनी घटलेलं दिसलं, आणि यकृतातलं मात्र होतं तसंच होतं. म्हणूनच तेच औषध शिरेतून दिलं तर रोजच्या प्रमाणातल्या ज्यूसने फारसा फरक पडत नाही, कारण आतड्याचा नाका मध्ये येतच नाही. तर आपल्या त्या १० मिलिग्रॅमच्या गोळीतलं दीड मिलिग्रॅमऐवजी आता चार-सव्वाचार मिलिग्रॅम रक्तात पोचतं, म्हणजे एकदम जवळजवळ तीन गोळ्या घेतल्यासारखं झालं.

ज्याच्या आतड्यात हे एन्झाइम मुळात जास्त त्याला ज्यूसचा फटकाही जास्त, आणि माणसामाणसात हा फरक खूप मोठा असतो. त्यामुळे शेजारचे काका रोज ज्यूस पिऊन ठणठणीत आहेत यावरून आपल्याबद्दल काहीच सांगता येत नाही.

वेळेचं पण नीट समजून घ्यायला हवं, कारण इथेच बहुतेकांची चूक होते. लोक म्हणतात गोळी रात्री घेतो आणि ज्यूस सकाळी, मग काय प्रॉब्लेम. पण एन्झाइम निकामी झालेलं असतं आणि नवीन तयार व्हायला वेळ लागतो, साधारण एका दिवसात निम्मं भरून येतं आणि पूर्ण पहिल्यासारखं व्हायला तीन दिवस धरावे लागतात. अंतर ठेवलं तर परिणाम बराच कमी होतो हे खरं, पण रोज सकाळी ज्यूस पिणाऱ्याचं एन्झाइम पूर्ण भरून यायला सवडच मिळत नाही. आणि प्रमाण म्हणाल तर २०० ते २५० मिलीचा एक ग्लास पुरतो, अख्खं एक फळ खाल्लं तरी तेच. ताजा, डब्यातला, पांढरा, गुलाबी, सगळे सारखेच धरायचे.

आता स्टॅटिनकडे येऊ. यात सगळ्यात वाईट गाठ सिमवास्टॅटिन आणि लोवास्टॅटिनशी पडते, कारण या दोन्ही गोळ्या आतड्यात आणि यकृतात जवळजवळ सगळ्या मोडल्या जातात, रक्तात पोचतं ते ५ टक्क्यांच्या आसपास. फिनलंडमध्ये १९९८ साली दुप्पट दाट ज्यूस दिवसातून तीनदा देऊन बघितलं तर सिमवास्टॅटिन तब्बल १६ पट झालं. इतका ज्यूस कोणी पीत नाही हा आक्षेप बरोबरच आहे, म्हणून नंतर त्यांनी साधा ज्यूस, रोज एकच २०० मिलीचा ग्लास, तीन दिवस असं करून पाहिलं, तरीही ३.६ पट. म्हणजे ४० मिलिग्रॅम घेणारा माणूस नकळत १४० च्या वर गेला, आणि अमेरिकेत ८० मिलिग्रॅमसुद्धा स्नायूंना इजा होते म्हणून २०११ पासून नव्या पेशंटला सुरू करायला मनाई आहे. अटॉर्वास्टॅटिन मधलं, ते मुळातच थोडं जास्त पोचतं त्यामुळे साध्या ग्लासाने थोडंसंच वाढतं, लिटरभर पिणाऱ्याला मात्र धोका आहे. रोसुवास्टॅटिन, प्रावास्टॅटिन, फ्लुवास्टॅटिन यांची वाटच वेगळी, त्या या एन्झाइमवर अवलंबून नाहीत, तिथे ज्यूसची चिंता नाही.

स्टॅटिन रक्तात वाढलं की त्रास होतो स्नायूंना. २००४ मध्ये नोंदवलेली एक केस आहे: चाळिशीतली बाई, सिमवास्टॅटिन ८० मिलिग्रॅम बराच काळ घेत होती आणि काही त्रास नव्हता. मग रोज एक ग्रेपफ्रूट खायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत स्नायू इतके दुखायला आणि कमजोर व्हायला लागले की तपासल्यावर ऱ्हॅबडोमायोलिसिस निघालं, म्हणजे स्नायूंच्या पेशी फुटून त्यातला माल रक्तात येतो आणि किडनीवर बसतो. गोळी बदलली नव्हती, डोस बदलला नव्हता, बदललं होतं फक्त फळ. ओळखायचं कसं? मांड्या, खांदे, पाठ दोन्ही बाजूंनी एकसारखी दुखतात, जिना चढताना किंवा खाली बसून उठताना पाय साथ देत नाहीत, आणि लघवी चहासारखी काळपट झाली तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठायचं. रक्तात स्नायूंतून येणारं क्रिएटिन कायनेज म्हणजे सीके बघतात, ते नेहमीच्या कितीतरी पट वर गेलेलं असतं. नुसतं व्यायामाने अंग दुखलं तरी सीके थोडं वाढतं, म्हणून आकडा आणि लक्षणं दोन्ही मिळून बघायची.

बीपीच्या गोळ्यांत धोका मुख्यतः कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर गटातल्यांना: फेलोडिपिन, निसोल्डिपिन आणि थोड्या कमी प्रमाणात निफेडिपिन. इथे लक्षणं लवकर दिसतात, चेहरा तापतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उठून उभं राहिलं की डोळ्यांसमोर अंधारी, आणि काही दिवसांत घोट्याला सूज. बसून बीपी मोजून चालत नाही, उभं राहून एक-दोन मिनिटांनी परत मोजावं तेव्हा घसरलेलं दिसतं. अॅम्लोडिपिन पण याच गटातलं, आणि आपल्याकडे घरोघरी तेच असतं, पण ते मुळातच ६० ते ९० टक्के रक्तात पोचतं, ज्यूसने वाढायला जागाच कमी, त्यामुळे फरक जेमतेम. टेल्मिसार्टनला काही होत नाही. महाराष्ट्रात बीपीवाल्यांच्या डबीत बहुतेक अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, अटॉर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन हेच असतं, म्हणून हा प्रश्न इथे फार ऐकू येत नाही, पण मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या आईबाबांनी तिथे सिमवास्टॅटिन सुरू केलं आणि नाश्त्याला ग्रेपफ्रूट आलं की तो उभा राहतो.

आणि पपनस? गणपतीत कोकणातल्या बाजारात ते ढिगाने येतं आणि ते ग्रेपफ्रूटचंच पूर्वज, फ्युरॅनोकौमारिन त्यातही असतात, जातीजातीनुसार कमीजास्त. सिमवास्टॅटिन, फेलोडिपिन घेणाऱ्याने ते ग्रेपफ्रूटसारखंच धरलेलं बरं. मार्मालेडसाठी वापरतात ते कडू सेव्हिल संत्रं पण याच माळेतलं, फेलोडिपिन त्याच्या ज्यूसनेही चढतं. नागपूरचं संत्रं बिनधास्त खा.

त्रास जाणवला तर आधी फळ बंद करायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा, बीपीची गोळी स्वतःच्या मनाने तोडायची नाही. उलट्या बाजूनेही फसगत होते: एखाद्याचा डोस रोजच्या ज्यूससकटच ठरवलेला असेल आणि त्याने अचानक ज्यूस सोडला तर तीन दिवसांत औषध कमी पडून बीपी चढतं, म्हणून रोज पीत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ज्यांना ग्रेपफ्रूट सोडवतच नाही त्यांना गोळी बदलून मिळते, सिमवास्टॅटिनच्या जागी रोसुवास्टॅटिन, फेलोडिपिनच्या जागी अॅम्लोडिपिन.

एक गोष्ट उलटी पण आहे. अॅलिस्किरेन आणि सेलिप्रोलॉल या बीपीच्या गोळ्या ज्यूसबरोबर घेतल्या तर रक्तात वाढत नाहीत, निम्म्याहून कमी पोचतात. कारण आतड्यात औषध आत ओढून घेणारी काही वाहक प्रथिनं असतात आणि ज्यूस त्यांनाच अडवतो. इथे चक्कर किंवा सूज येत नाही, फक्त गोळी रोज वेळेवर घेऊनही बीपी खाली येत नाही, आणि गोळी पाण्याबरोबर घ्यायला लागलं की येतं.