जनगणना, वसाहतकालीन : जात व जमात यांची नोंद

ब्रिटिश अमदानीत दर दहा वर्षांनी होणाऱ्या शिरगणतीत प्रत्येक व्यक्तीची जात किंवा जमात लिहून घेण्याची जी पद्धत होती, ती या नोंदीचा विषय आहे. १८७२ च्या सुमारास झालेल्या गणना प्रांतोप्रांती वेगवेगळ्या वेळी झाल्या. सर्व देशभर एकाच वेळी झालेली पहिली गणना १८८१ ची होय. १९३१ पर्यंत जातींचे तपशीलवार आकडे प्रसिद्ध होत राहिले. जात वसाहतकाळात जन्मली नाही. पेशवाईतील ग्रामण्याची प्रकरणे पाहिली तरी जातीचा दर्जा आणि अधिकार यांवरून केवढे तंटे होत, हे कळते. मात्र ते तंटे एखाद्या गावापुरते किंवा क्षेत्रापुरते असत. सबंध प्रांतात आपण किती आहोत, हा प्रश्न जातीपुढे शिरगणतीने प्रथम उभा केला.

नोंदीची रीत अशी होती. तलाठी, कुळकर्णी, शाळामास्तर अशा स्थानिक माणसांना प्रगणक नेमत. ते आधी घरोघर फिरून कच्ची नोंद करीत आणि ठरलेल्या रात्री पुन्हा फेरी मारून ती पक्की करीत. जातीच्या रकान्यात घरधन्याने सांगितलेले नाव लिहावे, असा नियम होता. पण लिहिणारा गावातलाच असल्यामुळे सांगणाऱ्याच्या तोंडचे नाव आणि गावाने त्याला दिलेले नाव यांची झटापट त्या रकान्यातच होई. पुढे कचेरीत ही नावे जमवताना कोणी कुळी सांगितलेली असे, कोणी धंदा, कोणी पोटजात, तर कोणी नुसता मुलूख. हजारो नावांचे कोष्टक छापणे अशक्य असल्याने ती ठरावीक शीर्षकांखाली घातली जात. एका माणसाला एकच जात आणि एका जातीला एकच शीर्षक, ही शिस्त कोष्टकाची गरज होती. समाज तसा वागत होता असे नाही.

शीर्षकांचा क्रम लावण्याचे तत्त्वही बदलत गेले. १८९१ मध्ये जनगणना आयुक्त बेन्स यांनी परंपरागत धंद्यांवरून गट पाडले. १९०१ मध्ये त्याच पदावरील रिझ्ली यांनी त्या-त्या प्रांतातील लोकमतानुसार जातींची उच्चनीच प्रतवारी लावण्याचे ठरवले आणि तंट्याला तोंड फुटले. आजवर रूढीवर आणि पंचांच्या निकालांवर उभी असलेली पायरी आता सरकारी अहवालात छापली जाणार होती. ज्ञातिसभांनी वंशावळी, शास्त्रवचने आणि आचारनियमांचे दाखले जोडून अर्ज धाडले. प्रतवारी १९११ मध्ये सोडून देण्यात आली होती, तरीही त्या वर्षी एकट्या बंगालमध्ये आलेल्या अर्जांचे वजन दीड मण भरल्याचे तेथील अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. बहुतेक अर्जांत नवे नाव आणि क्षत्रिय, वैश्य किंवा ब्राह्मण वर्ण मागितलेला असे. अर्ज लिहिण्यासाठी सभा, सभेसाठी वर्गणी आणि वर्गणीसाठी ज्ञातीचे मासिक, या ओघात विखुरलेल्या पोटजाती एका नावाखाली आल्या. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३० च्या दशकातच शिरगणतीने जातिभावना धारदार केल्याची टीका केली होती.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण मराठा आणि कुणबी यांचे आहे. देशावर या दोन नावांमध्ये पक्की भिंत नव्हती. शहाण्णव कुळीचे वतनदार एका टोकाला आणि नांगर धरणारा कुणबी दुसऱ्या टोकाला. मधल्या पायऱ्यांवर सोयरीक होई आणि मुलगी सहसा वरच्या घरी दिली जाई. जमीन, लष्करी चाकरी किंवा पाटिलकी मिळालेले घराणे दोन-तीन पिढ्यांत मराठा म्हणवू लागे. ‘कुणबी माजला, मराठा झाला’ ही म्हण कुत्सित असली तरी हा प्रघात नेमका सांगते. गणनापत्रकाला मात्र दोहोंपैकी एक नाव हवे होते. मुंबई इलाख्यात १९०१ ची गणना एन्थोव्हेन यांच्या देखरेखीखाली झाली. तेथे मराठा, मराठा-कुणबी आणि कोकणी मराठा अशी वाटणी करावी लागली, कारण एकच रेघ ओढता येईना.

त्यानंतरच्या तीन दशकांत देशावर कुणबी म्हणून नोंदणारे घटत गेले आणि मराठा म्हणून नोंदणारे वाढले. एका नावाचा आकडा कोसळतो आणि शेजारच्या नावाचा तितकाच फुगतो, तेव्हा कारण जन्ममृत्यूत नसते; लोक तेच असतात, नाव बदललेले असते. जुने आकडे वाचताना ही खूण पहिल्यांदा तपासावी लागते. या बदलामागे सत्यशोधक चळवळीने जागवलेला स्वाभिमान होता आणि राजकीय लाभही होता. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई विधिमंडळात ‘मराठा व तत्सम जाती’ यांच्यासाठी सात जागा राखीव झाल्या. आता मराठा हे नाव मानाचे होते, तसेच मतदारसंघाचेही झाले. कोकणात आणि विदर्भात कुणबी हे नाव टिकले, आणि पुढे त्याचेच मोल वाढले.

जमातींच्या बाबतीत गोंधळ धर्माच्या रकान्यात झाला. भूतपिशाच्च, डोंगर, झाडे यांची उपासना करणाऱ्यांसाठी ‘जडप्राणवादी’ अशा अर्थाचे शीर्षक ठेवले होते. १९३१ मध्ये त्याऐवजी ‘जमातींचे धर्म’ असे म्हटले गेले. भिल्ल किंवा गोंड घरात खंडोबा, वाघदेव आणि मारुती एकत्र पुजले जात असतील, तर त्या घराला हिंदू लिहायचे की दुसऱ्या शीर्षकाखाली घालायचे, हे बहुधा प्रगणकाच्या समजुतीवर ठरे. त्यामुळे दहा वर्षांत धर्मांतराची लाट नसतानाही आकडे खालीवर होत. १९४१ मध्ये धर्माऐवजी जमातीचे मूळ धरून मोजणी केली गेली. आदिवासी हे हिंदूच की वेगळे, हा आजचा वाद याच दोन मोजपट्ट्यांमधून वाहत आला आहे.

१९४१ चे जातिनिहाय कोष्टक युद्धामुळे तयार झाले नाही आणि १९५१ पासून केवळ अनुसूचित जाती व जमातींची नोंद ठेवण्यात आली. परिणामी मंडल आयोगालाही इतर मागासवर्गीयांचा अंदाज १९३१ च्या आकड्यांवरून बांधावा लागला. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातगणनेत जात मोकळी लिहून घेतली, तेव्हा १९३१ मधील ४,१४७ जातींच्या जागी सुमारे ४६ लाख नावे आली. महाराष्ट्राच्या मागासवर्गीय सूच्यांत ४९४ नावे असताना तेथे चार लाखांहून अधिक नावे नोंदली गेल्याचे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. शुद्धलेखन, आडनाव, कुळी आणि पोटजात यांची सरमिसळ हे त्याचे मुख्य कारण. १८८१ च्या कचेरीपुढची अडचण तीच होती; तेव्हा कारकून नावे शीर्षकांत कोंबून ती मिटवीत.

महाराष्ट्रात कुणबी इतर मागासवर्गीयांत आहेत आणि २००४ मध्ये मराठा-कुणबी व कुणबी-मराठा ही नावेही त्या यादीत आली. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी पूर्वजांनी सोडलेले नाव वंशज आज कागदोपत्री शोधत आहेत. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तेथील जुने दस्तऐवज आणि हैदराबाद गॅझेटियर यांना २०२३ नंतर राजकीय वजन आले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने नोंदी धुंडाळल्या आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने या गॅझेटियरच्या आधाराबाबत निर्णय काढला. येथे आकडा आणि पुरावा यांतला फरक नीट पाहिला पाहिजे. गणनेचे कोष्टक अमुक जिल्ह्यात कुणबी किती, एवढेच सांगते. त्यातले कोणते घर कोणाचे, हे त्यात नसते. एखाद्याला आपला पणजोबा कुणबी होता हे दाखवायचे तर जन्ममृत्यूचे रजिस्टर, शाळेचा दाखला किंवा महसुली कागद लागतो, आणि त्यावरून पुढे वंशावळ जुळवावी लागते. कुणबी कुटुंबांची संख्या मोठी असूनही ज्या गावांतली अशी रजिस्टरे हरवली किंवा कसरीने खाल्ली, तेथील दावे याच पायरीवर अडतात.