कॅरिअर अ‍ॅग्रिगेशन आणि मोबाइल डेटाचा प्रत्यक्ष वेग

कॅरिअर अ‍ॅग्रिगेशन : मोबाइल मनोऱ्यावरून निघणारे दोन किंवा अधिक स्वतंत्र वाहक (कॅरिअर), म्हणजे ठरावीक रुंदीच्या वारंवारता-पट्ट्या, एकाच हँडसेटला एकाच वेळी जोडून देण्याची पद्धत. जाहिरातीत दिसणारा कमाल वेग बहुतेक वेळा याच बेरजेतून निघतो. हँडसेट किती वाहक पेलू शकतो हे मोडेमची पिढी ठरवते. किती वाहक मिळतात हे मात्र जाळे ठरवते.

या पद्धतीचा उगम कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. मोबाइल मानके ठरवणाऱ्या ३जीपीपी या संघटनेच्या रिलीज ८ मध्ये ५ मेगाहर्ट्झचे दोन वाहक जोडून ४२ एमबीपीएसपर्यंत नेणारे ड्युअल-सेल एचएसडीपीए हे ३जी तंत्र होते आणि काही जण सुरुवात तेथूनच मोजतात. तेथे दोन्ही वाहक शेजारी-शेजारी एकाच बँडमध्ये होते. वेगवेगळ्या बँडमधले, वेगवेगळ्या रुंदीचे पाचपर्यंत वाहक जोडण्याची तरतूद रिलीज १० मध्ये, २०११ च्या सुमारास आली. आजच्या अर्थाने सुरुवात तेथून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हँडसेटवरील व्यावसायिक सेवेचे प्रारंभीचे ठळक उदाहरण दक्षिण कोरियातील एसके टेलिकॉमचे, जून २०१३ मधले : १०-१० मेगाहर्ट्झचे दोन वाहक मिळून १५० एमबीपीएस.

एलटीईमध्ये मोडेमची क्षमता ‘कॅटेगरी’ने सांगतात. कॅट-४ म्हणजे २० मेगाहर्ट्झचा एक वाहक, वेगवेगळ्या अँटेनांवरून एकाच वेळी जाणारे दोन डेटा-प्रवाह आणि ६४-क्वाम ही एका चिन्हात सहा बिट भरणारी पद्धत, मिळून १५० एमबीपीएस. कॅट-६ मध्ये असे दोन वाहक, म्हणून ३००. कॅट-१६ च्या ‘गिगाबिट’मध्ये २५६-क्वामवर प्रत्येक प्रवाह सुमारे ९८ एमबीपीएस देतो आणि असे १० प्रवाह लागतात. ते जमवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे २० मेगाहर्ट्झचे तीन वाहक घेऊन दोहोंवर चार-चार व तिसऱ्यावर दोन प्रवाह चालवणे. प्रत्येक आकडा असा गृहीत धरतो, की सिग्नल निर्दोष आहे आणि सगळा सेल एकाच फोनला मोकळा आहे.

एक हिशेब पाहू. एका मनोऱ्यावर २०, १० आणि ५ मेगाहर्ट्झचे तीन वाहक आहेत. ६४-क्वाम आणि दोन प्रवाहांवर कागदी बेरीज १५० + ७५ + ३७.५, म्हणजे सुमारे २६२ एमबीपीएस. फोन इमारतीच्या आत असून सीक्यूआय, म्हणजे फोन मनोऱ्याला कळवतो तो सिग्नलच्या दर्जाचा निर्देशांक, १५ पैकी ९ वर आहे. या पायरीला १६-क्वामच मिळते. प्रति हर्ट्झ सुमारे २.४ बिट जातात, कमाल पायरीवर ५.५५ गेले असते. म्हणजे उरले ४३ टक्के, सुमारे ११३. त्यातही इतर ग्राहकांमुळे, मनोरा फोनांमध्ये वाटतो त्या रिसोर्स ब्लॉकांपैकी ४० टक्केच वाट्याला आले, तर हाती ४५ एमबीपीएस. त्याच जागी दोन वाहक जोडणाऱ्या कॅट-६ फोनला ३९ आणि कॅट-४ ला २६ मिळतील. २५६-क्वामचा येथे काडीचा उपयोग नाही, कारण सिग्नल तेवढा स्वच्छ नाही. नव्या फोनचा खरा फायदा असलाच तर चार रिसीव्हर अँटेनांचा : सिग्नल-गोंगाट गुणोत्तर ३ डेसिबलपर्यंत सुधारते, सीक्यूआय एक-दोन पायऱ्या चढतो आणि ४५ चे ५१ किंवा ६२ होतात. जाहिरातीत याचा सहसा उल्लेख नसतो.

मोडेम चांगला असूनही वाहक न जुळणे ही नेहमीची तक्रार. मोडेमच्या चिपला अनेक जोड्या जमत असल्या, तरी फोनमधील फिल्टर व अँटेना त्या-त्या बँडच्या जोडीसाठी बसवलेले असावे लागतात. फोन आपल्याला जमणाऱ्या जोड्यांची यादी जाळ्याला कळवतो. यादीत नसलेली जोडी जाळे देत नाही. म्हणून एकच चिप असलेले दोन फोन एकाच मनोऱ्यावर वेगळे वागू शकतात.

दुय्यम वाहक डेटाची मागणी वाढल्यावरच चालू होतो आणि ती थांबल्यावर काही वेळाने बंद होतो. त्यामुळे मोठे डाउनलोड चालू ठेवूनच तपासणी करावी. अलीकडच्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर, यूएसबी डीबगिंग चालू करून, ही आज्ञा द्यावी :

```
adb shell "dumpsys telephony.registry | grep -i PhysicalChannelConfig"
```

एक `PrimaryServing` आणि त्याखेरीज `SecondaryServing` नोंदी दिसल्या तर जोडणी झाली आहे. `mCellBandwidthDownlinkKhz` मध्ये प्रत्येक वाहकाची रुंदी किलोहर्ट्झमध्ये येते. २०००० म्हणजे २० मेगाहर्ट्झ. डाउनलोड चालू असतानाही एकच नोंद राहिली, तर जोडी मिळत नाही असे समजावे. तीन नोंदी असूनही वेग कमी असेल, तर कारण सिग्नल किंवा गर्दीत शोधावे.

अपलोडला या बेरजेचा लाभ बहुधा होत नाही, कारण तो सामान्यतः प्राथमिक वाहकावरूनच जातो. सेलच्या कडेला हा अपलोडच आधी गुदमरतो. डाउनलोडच्या पोचपावत्या वेळेवर परत जात नाहीत आणि मग जोडलेले वाहकही रिकामे पडून राहतात.

५जीमध्ये ६ गिगाहर्ट्झखालील एकच वाहक १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असू शकतो, त्यामुळे तेथे पहिला प्रश्न वाहक किती याचा नसून त्या एका वाहकाची रुंदी किती याचा असतो.