एकटा प्रश्नशब्द

‘का?’, ‘काय?’, ‘कशाला?’ असा एकच शब्द पूर्ण प्रश्न म्हणून येतो, त्याला एकटा प्रश्नशब्द म्हणता येईल. त्याचा उरलेला भाग आधीच्या बोलण्यात असतो. म्हणून उत्तर देणाऱ्याने पुढचा अंदाज बांधण्याआधी मागचे वाक्य पाहावे.

खानदेशात मराठी आणि अहिराणी शेजारी नांदतात, त्यामुळे हे शब्द बारकाईने ऐकावे लागतात. अहिराणीतला ‘काब्र?’ कारण विचारतो. ‘कसाले?’मध्ये मराठीच्या ‘ला’च्या जागी ‘ले’ आहे, त्यामुळे त्याचा रोख बहुधा हेतूवर असतो. ‘धुळ्याले जाई ऱ्हायनू’ यावर ‘कसाले?’ आले, तर काम कोणते ते सांगायचे. मात्र पाहुण्याला ‘चहा ठेवते’ म्हटल्यावर तो ‘कशाला?’ म्हणाला, तर तो भिडेचा नकार असतो. तिथे कारण सांगत बसणे चुकीचे, एकदा आग्रह करणेच बरोबर.

‘काय?’ बहुतेकदा माहिती मागतच नाही. हाक मारल्यावर आला तर ‘बोल, ऐकतोय’ एवढाच त्याचा अर्थ. वाक्यानंतर झटकन आला तर नीट ऐकू आले नाही, आणि लांबवून आला तर विश्वास बसत नाही. ऐकू न आल्यास तेच वाक्य पुन्हा म्हणावे; दुसऱ्यांदाही ‘काय?’ आले तर शब्द बदलावेत, कारण अडचण बहुधा कानाची नसून शब्दाची असते. ‘हं?’सारखा छोटा उद्गार याच कामासाठी जगभर वापरला जातो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३१ भाषांच्या नमुन्यात त्याची रूपे एकमेकांच्या फार जवळची आढळली.

खरी पंचाईत लिहिलेल्या निरोपात होते, कारण तिथे आवाजाचा चढउतार नसतो. समजा, रावेरच्या केळी व्यापाऱ्याने शेतकऱ्याला मोबाइलवर कळवले: ‘आबा, उद्या गाडी येणार नाही. भाव मात्र आजचाच धरू.’ तासाभराने उत्तर आले: ‘का?’ समोरासमोर असते तर हा शब्द ज्या वाक्यापाठोपाठ पडला त्याचाच ठरला असता. इथे दोन वाक्ये आहेत आणि दोघांची कारणे वेगळी. शेवटच्या वाक्याचा मान धरून व्यापारी भावाचे कारण देऊ लागला आणि आबांना गाडीचेच विचारायचे असेल, तर ‘उद्या भाव पडणार वाटतं’ अशी नवीच शंका त्यांच्या मनात शिरते. म्हणून विचारावे: ‘गाडीचं विचारताय का भावाचं?’ नुसते ‘म्हणजे?’ विचारले तर एकट्या शब्दाला दुसरा एकटा शब्दच मिळतो. दोन नावे समोर ठेवली की आबांना एका शब्दात उत्तर देता येते.

दोन वाक्यांपैकी दुसरे पहिल्यातूनच निघत असेल, जसे ‘उद्या गाडी नाही, माल परवा कापू’, तर उलट विचारायची गरज नाही. गाडीचे कारण सांगितले की दोन्हींचे उत्तर होते. आणि आधी काहीच बोलणे नसताना नुसते ‘का?’ आले, तर कालचे निरोप वाचावेत. त्यातही धागा सापडला नाही, तर ‘कशाबद्दल, आबा?’ एवढेच लिहावे.