यंत्रमागाच्या शेडमधलं दुसरं दार

मे 2025 मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. त्या आगीची कारणमीमांसा इथे करायची नाही. पण तेव्हापासून कुठल्याही शेडमध्ये गेलो की माझी नजर आधी दार शोधते.

समजा, एक शेड 40 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद आहे. दार एकच, एका कोपऱ्यात. समोरच्या कोपऱ्यातला कामगार दारापासून किती लांब? नकाशावर तिरकी रेघ मारली तर 47 मीटर. पण माणूस यंत्रमागांवरून उडत जात नाही. मागांमधल्या बोळातून आधी लांबी, मग रुंदी चालायची, म्हणजे 65 मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत साध्या कारखान्यासाठी हे अंतर साधारण 45 मीटर धरतात, आणि ते प्रत्यक्ष चालायच्या वाटेनेच मोजायचं असतं. एरवी 65 मीटर जायला मिनिटभर लागतं. दाट धुरात भिंत चाचपडत माणूस सेकंदाला अर्धा मीटर सरकतो, कधी त्याहूनही कमी. म्हणजे दोन मिनिटांच्या वर.

आता समोरच्या कोपऱ्यात दुसरं दार काढा. कुठेही उभं राहिलात तरी जवळचं दार 32.5 मीटरच्या आत येतं. शिवाय एका दारापाशीच आग भडकली तर दुसरी वाट उरते. पहिलंच दार दुप्पट रुंद केलं असतं तर यातलं काहीच साधलं नसतं.

रुंदीचा हिशोब निराळा. सपाट वाटेवर माणशी 6.5 मिलिमीटर धरतात, म्हणजे एक मीटरचं दार दीडशे जणांना पुरतं. तीस कामगारांच्या शेडमध्ये अडचण रुंदीची नसते, दारात रचलेल्या गाठींची असते. चोरीच्या भीतीने रात्री बाहेरून कुलूप लागलं, तर रुंदी शून्य. दार बाहेरच्या बाजूला आणि आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. विजेवर चालणारं शटर या हिशोबात धरू नये, कारण आगीत वीज आधी जाते.

वीज गेली की बॅटरीवरचे दिवे लगेच लागून दीड तास टिकायला हवेत. दारावरची पाटी हिरवी असते, त्यालाही कारण आहे. अंधुक उजेडात डोळ्याला निळसर-हिरवा रंग जास्त जाणवतो, लाल मात्र काळपट दिसतो. धूर मात्र वर साचतो आणि दारावरची पाटी आधी झाकतो. म्हणून बाणाच्या खुणा गुडघ्याच्या उंचीवरही हव्यात.

तपासणी सोपी आहे. रात्रपाळीत यंत्रं थांबवून दिव्यांचा पुरवठा बंद करायचा आणि घड्याळ लावायचं. जुन्या बॅटरीचे दिवे झोकात लागतात आणि वीस मिनिटांत मिणमिणायला लागतात. दोन मिनिटांत तपासणी उरकणाऱ्याला ते कधीच कळत नाही.