चहा-बिहा: मराठीतले ‘बि’वाले प्रतिध्वनी शब्द

चहा-बिहा, पाणी-बिणी, लग्न-बिग्न, डॉक्टर-बिक्टर. मराठी माणूस दिवसातून किती वेळा असं बोलतो ते त्याचं त्यालाही कळत नाही. या जोडीतल्या दुसऱ्या शब्दाला स्वतःचा अर्थ नसतो, तो पहिल्याचा प्रतिध्वनी असतो, म्हणून भाषेच्या अभ्यासात याला प्रतिध्वनी शब्द म्हणतात. शाळेच्या व्याकरणात हे सगळं ‘अंशाभ्यस्त शब्द’ या एकाच पोत्यात भरलेलं असतं, त्यात शेजारीपाजारी, उरलंसुरलं, किडूकमिडूक हेही येतात, पण ते वेगळं प्रकरण आहे. शेजारीपाजारी ही तयार जोडी आहे, जशी मिळाली तशी वापरायची, तिच्यातला ‘पा’ उचलून तुम्ही ‘पुजारी-पाजारी’ असं काही बनवू शकत नाही. ‘बि’ मात्र जवळपास कशालाही लागतो, काल मराठीत आलेल्या शब्दालाही. ॲप-बीप डाउनलोड केलंस का, असं कोणी विचारलं तर एकाही मराठी माणसाला थांबून विचार करावा लागत नाही. म्हणजे इथे पाठांतर नाही, नियम आहे, आणि ही नोंद त्या नियमाबद्दल.

सगळे साधारण असं सांगतात की पहिलं अक्षर काढा आणि ‘बि’ लावा. लिहिताना हे बऱ्याचदा चालून जातं, पण कानाने पाहिलं तर जास्त नेमकं असं आहे: शब्दाच्या पहिल्या स्वरापर्यंतचं सगळं, तो स्वर धरून, जातं आणि तिथे ‘बि’ बसतो, त्या स्वराच्या पुढचं जसंच्या तसं राहतं. ‘डॉक्टर’ घ्या. सुरुवातीचा ड आणि त्याचा ऑ गेला, मागे राहिलं ‘क्टर’, पुढे बि लावला, बिक्टर. ‘लग्न’ मधला ल आणि त्यातला अ गेला, ग्न राहिला, बिग्न. शब्द स्वरानेच सुरू होत असेल तर फक्त स्वर जातो आणि ब आयता पुढे येऊन बसतो, म्हणून ऑफिस-बिफिस, उपास-बिपास, अभ्यास-बिभ्यास. पैसे मधला ऐ हा जोडस्वर आहे, तो अर्धा राहत नाही, अख्खा जातो, पैसे-बिसे. सुरुवातीला जोडाक्षर असलं तरी तेच, अख्खी जोडी उडते: प्रवास-बिवास, क्रिकेट-बिकेट, श्रीखंड-बिखंड. ‘ब्रिखंड’ किंवा ‘ब्रिकेट’ असं कोणी म्हणत नाही, र मागे लटकत राहत नाही.

अनुस्वाराची गोष्ट इथे बघण्यासारखी आहे. आपण त्याला पहिल्या अक्षराच्या डोक्यावर ठेवतो, म्हणून लिपीच्या हिशोबाने तो त्या अक्षराबरोबर जायला हवा, पण आंबा-बिंबा, भांडी-बिंडी, थँक्यू-बिंक्यू सगळीकडे तो टिकतो. कारण उच्चारात तो स्वराच्या नंतरचा वेगळा आवाज आहे, आंबा म्हणजे आम्-बा, आणि कापायची रेघ स्वरानंतर लगेच पडते, म् च्या आधी. म्हणजे हा नियम लिपी बघत नाही, आवाज बघतो, आणि लिहिता न येणारी माणसंही तो अचूक पाळतात त्यात नवल नाही. याच कारणाने उच्चार बदलला की प्रतिध्वनीही बदलतो. नियमाने स्टेशनचं होतं बिशन, कारण स्ट आणि ए दोन्ही गेले, पण जो ‘इस्टेशन’ म्हणतो त्याचा शब्द इ ने सुरू होतो, त्यामुळे त्याचं होणार बिस्टेशन.

आता मुख्य प्रश्न, ब एकटा का पुरत नाही, इ कशाला हवी? शेजारची हिंदी फक्त व्यंजन बदलते, चाय-वाय, पानी-वानी, आतला स्वर आहे तसाच. गुजरातीही तसंच करते, फक्त व च्या जागी ब, चा-बा, पाणी-बाणी. कन्नडमध्ये मात्र व्यंजन आणि स्वर दोन्ही बदलतात, तिथे ‘गि’ लागतो, कॉफी-गीफी, ऊटा-गीटा. मराठीची तऱ्हा या दोघांच्या मधली, ब गुजरातीसारखा आणि इ कन्नडसारखी, नकाशावर मराठी जिथे बसते तिथेच ती इथेही बसलेली दिसते. भाषाशास्त्रज्ञ मरी एमेनो यांनी 1956 मध्ये भारत हा एक भाषिक प्रदेश आहे अशी मांडणी केली, त्यात वेगवेगळ्या कुळांच्या भाषांमध्ये सापडणाऱ्या सामाईक गोष्टींत प्रतिध्वनी शब्दही होते. खास मराठीच्या द्विरुक्ती, प्रतिध्वनी आणि ध्वनिअनुकरणावर महादेव आपटे यांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून 1968 मध्ये आला.

पण इ चा उपयोग तोंडात काय होतो ते बघायला तीन शब्द पुरे आहेत. पहिला ‘किल्ली’. यात इ आधीच आहे, म्हणून बदललं फक्त व्यंजन, किल्ली-बिल्ली, काम झालं. दुसरा ‘बाजार’. यात ब आधीच आहे, म्हणून बदलला फक्त स्वर, बाजार-बिजार, तरीही काम झालं. इथे गुजरातीसारखा नुसतं व्यंजन बदलायचा नियम असता तर बाजार-बाजार झालं असतं आणि प्रतिध्वनी कानाला कळलाच नसता, म्हणजे मराठीत ब ने सुरू होणारे शब्द इ मुळे वाचतात: बटाटे-बिटाटे, बँक-बिंक, बातमी-बितमी. तिसरा शब्द ‘बिर्याणी’. यात ब पण आहे आणि इ पण, बदलायला काही उरतच नाही, आणि इथे नियम अडकतो. ‘बिर्याणी-बिर्याणी’ म्हटलं तर ते प्रतिध्वनी वाटत नाही, नुसती पुनरुक्ती वाटते, ताटात बिर्याणीच बिर्याणी असल्यासारखी. बिल, बिस्किट, बिछाना सगळ्यांची हीच अडचण. मग माणसं पळवाट काढतात, कोणी सरळ ‘बिल वगैरे’ म्हणतं, कोणी दुसऱ्या व्यंजनाची उसनवारी करून बिस्किट-फिस्किट म्हणतं. म्हणजे जोडीतले दोन शब्द वेगळे ऐकू आले पाहिजेत ही अट ‘बि’ पेक्षाही वरची आहे. आपल्या घरात कोण काय म्हणतं ते बघायचं असेल तर ‘बिस्किट’ पुढे करा आणि ऐका, आधी बहुतेक जण अर्धा सेकंद थांबतात.

ऱ्हस्व की दीर्घ, हा लिहिणाऱ्यांचा नेहमीचा घोळ. घर-बिर की घर-बीर? ऑनलाइन दोन्ही दिसतात, पण उच्चार मराठीच्या नेहमीच्या सवयीनेच होतो. वीट म्हणताना ई लांबते आणि विटा म्हणताना आखडते, गरीबचं गरिबाला होतं, तसंच हे: घर-बीर, काम-बीम, फोन-बीन इथे लांब, आणि घरात-बिरात, कामाला-बिमाला इथे आखूड. प्रतिध्वनीला अर्थ नसला तरी त्याला नियम अस्सल मराठी शब्दाचेच लागतात, मला तरी या सगळ्यातली ही सर्वात गंमतीची गोष्ट वाटते. यातून अपघाताने खरे शब्दही तयार होतात, लाज-बीज, व्याज-बीज यात पेरायचं बी निघतं, आणि ‘मेल-बील आला का’ असं विचारलं तर लाइटचं बिलही आलंय का असा संशय येऊ शकतो.

प्रत्ययांचं काय होतं? दोन रस्ते आहेत. एकतर प्रत्ययासकट अख्खा शब्द परत येतो, पुण्याला-बिण्याला, दुकानात-बिकानात, किंवा प्रत्यय शेवटी एकदाच लागतो, पुण्या-बिण्याला. दुसऱ्या रस्त्यात लक्ष द्या, ‘पुणे-बिणेला’ होत नाही, आधी पुणेचं सामान्यरूप पुण्या होतं आणि मग त्याचा प्रतिध्वनी निघतो. तसंच ‘पैशांचं-बिशांचं’, पैसे-बिसे मधला स इथे श झालाय कारण कॉपी झालेल्या रूपाची होते, मूळ शब्दाची नाही. क्रियापदंही सुटत नाहीत, ‘पडला-बिडला तर कोण बघणार’, ‘रागावली-बिगावली नाही ना’. जोडी मात्र फुटत नाही, चहा आणि बिहा यांच्या मध्ये ‘गरम’ घुसवून दाखवा, जमणार नाही.

अर्थाचं म्हणाल तर मूळ काम ‘वगैरे’चं. ‘चहा-बिहा घेणार का’ याला ‘कॉफी चालेल’ हे उत्तर बरोबर आहे, ‘चहा घेणार का’ याला तेच उत्तर दिलं तर यजमानाला दूध परत गॅसवर ठेवावं लागतं. प्रश्न, नकार आणि जर-तर यांत ‘बि’ सर्वात जास्त रमतो, कारण तिथे गोष्ट अजून पक्की नसते. घडून गेलेल्या, ठाम गोष्टीला तो लावला की सूर बदलतो, ‘त्याने म्हणे पुस्तक-बिस्तक लिहिलंय’ यात त्या पुस्तकाबद्दल बोलणाऱ्याचं मत कळून गेलं. माणसाला लावला तर जास्तच लागतं, साहेब-बिहेब हे साहेबांसमोर कोणी म्हणत नाही. आणि ‘डोकं-बिकं फिरलंय का’, ‘लाज-बीज आहे का काही’ यात वगैरे काहीच नाही, तिथे फक्त वैताग आहे. ‘पण’ सारख्या शब्दाला एरवी प्रतिध्वनी लागत नाही, पण दुसऱ्याचं बोलणं त्याच्याच तोंडावर परत फेकताना तोही लागतो. सकाळी उठवणाऱ्या आईला विचारा: ‘पण-बीण काही नाही, ऊठ आधी!’